काकांचं निरोपपत्र मराठीतून इंग्रजीत आणताना : प्रकल्प नोंदी

19 मे 2025, सोमवार

आमच्या पंढरपूरच्या बँक शाखेतल्या ऑफिसर मॅडमची त्रिचीला बदली झाली. रिलीव्ह होण्याची तारीख 31 मे. तो पाचवा शनिवार आहे, म्हणजे बँक चालू. कामकाज संपल्यावर निरोप समारंभ. हेड कॅशियर काकांनी परंपरेप्रमाणे निरोपपत्र लिहिलं. फुलस्केपची दोन पानं, दोन्ही बाजूंनी. ते इंग्रजीत करायचं काम माझ्याकडे आलं.

मॅडम मूळच्या कुंभकोणमच्या. काउंटरवरचं मराठी त्यांना चांगलं येतं. "मावशी, अंगठा इथं ठेवा", "पासबुक उद्या न्या" हे त्या अगदी आमच्यासारखं म्हणतात. पण "कर्तव्यदक्ष", "ऋणानुबंध", "साश्रू नयनांनी" हे मराठी त्यांना काउंटरवर कधी ऐकायलाच मिळालं नाही. शिवाय फ्रेम त्यांच्या घरी लागणार आणि तिथे ती त्यांचे यजमान, मुलगी आणि आई वाचणार. त्या सगळ्यांना आम्हाला समजेल अशी एकच भाषा येते, ती इंग्रजी.

काकांचा मजकूर दोनदा वाचला. पहिलं पान मानपत्राच्या भाषेत आहे: "सन्माननीय मॅडम, सप्रेम नमस्कार. आपण आपल्या मनमिळाऊ, मितभाषी व कर्तव्यदक्ष स्वभावाने आम्हा सर्वांची मने जिंकलीत." दुसऱ्या पानावर काका घसरतात. वारीचा उल्लेख येतो आणि 'आपण' जाऊन 'तू' येतो. "अक्का, पोती घेऊन फरशीवर बसलीस तेव्हाच कळलं, ही बाई आपली आहे." शाखेत सगळे त्यांना अक्काच म्हणतात. खरं पत्र तिथून सुरू होतं.

20 मे

पहिला खर्डा सरळ केला. मराठी वाक्य वाचायचं, त्याचं व्याकरणशुद्ध इंग्रजी वाक्य लिहायचं. संध्याकाळपर्यंत पूर्ण झाला आणि मोठ्यानं वाचल्यावर बाजूला ठेवला.

चूक एकाही वाक्यात नव्हती. "विथ युअर फ्रेंडली, क्वाएट अँड ड्यूटिफुल नेचर, यू वन ऑल अवर हार्ट्स." यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही, पण हे वाक्य कुठल्याही शाखेतून कुठेही बदलून जाणाऱ्या कोणालाही लागू होईल. मराठीतही ही विशेषणं ठरलेलीच असतात. फरक असा की मराठीत ती रीत म्हणून ऐकली जातात. मानपत्रात 'मनमिळाऊ' नसेल तर ऐकणाऱ्याला चुकल्यासारखं वाटतं. शाल आणि श्रीफळ जसं ठरलेलं, तशीच ही विशेषणंही. इंग्रजीत ती रीत नाही, त्यामुळे तिथे विशेषण हे फक्त विशेषण उरतं, आणि तीन सलग आली की लिहिणाऱ्याला माणूस माहीत नाही असं वाटायला लागतं.

यावरून कामाचा नियम ठरवला. जिथे मराठीत माया शब्दाच्या रूपातून किंवा रीतीतून येते, तिथे इंग्रजीत एक घडलेली गोष्ट ठेवायची. विशेषणाला विशेषण शोधत बसायचं नाही.

22 मे

आज पहिल्या पानातली विशेषणं काढून प्रसंग घातले. प्रसंग काकांच्याच तोंडून घेतले, मी स्वतःहून काही जोडलं नाही. दुपारी चहाला त्यांना विचारलं, "काका, कर्तव्यदक्ष म्हणजे नेमकं काय केलं त्यांनी?" काकांनी जरा विचार केला आणि नोव्हेंबरची गोष्ट सांगितली.

नोव्हेंबरात पेन्शनरांचे हयातीचे दाखले असतात. अंगठा मशीनवर ठेवायचा, आधारशी जुळला की काम झालं. पण शेतात किंवा घरकामात आयुष्य गेलेल्या बायकांच्या बोटांवरच्या रेषा झिजलेल्या असतात. मशीन घेत नाही. काउंटरवरचा माणूस दोनदा बघतो आणि "उद्या या" म्हणतो. मॅडम म्हातारीला हात धुवून पुसून यायला सांगायच्या, एकेक करत दहाही बोटं लावून बघायच्या, आणि तरी जमलं नाही तर कागदी फॉर्म स्वतः भरून घ्यायच्या. कोणालाही दुसरी फेरी मारायला लावायच्या नाहीत.

हे ऐकल्यावर कर्तव्यदक्ष या शब्दाची गरजच उरली नाही. इंग्रजी असं झालं: "इन नोव्हेंबर, व्हेन द मशीन वुड नॉट टेक अॅन ओल्ड वुमन्स थम्ब, यू ट्राइड ऑल टेन फिंगर्स, अँड देन यू फिल्ड द पेपर फॉर्म युअरसेल्फ. नोबडी वॉज टोल्ड टू कम बॅक टुमॉरो." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे, कारण "उद्या या" हे बँकेत काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. त्रिचीच्या शाखेतही ते लगेच कळेल.

मितभाषी या शब्दासाठी काकांकडे वेगळा प्रसंग नव्हता, म्हणून तो शब्द सोडून दिला. मनमिळाऊ हाही सोडला. बाकीच्या पत्रातून ते आपोआप दिसतं. काकांना हे पटायला वेळ लागला. "अरे, मनमिळाऊ नाही म्हटलं तर लोक म्हणतील भांडकुदळ होती." शेवटी ठरलं की मराठी पत्र जसंच्या तसं राहील आणि समारंभात तेच आधी वाचलं जाईल. रीत तिथे पूर्ण होईल. त्यामुळे इंग्रजीला मोकळीक मिळाली.

24 मे, चौथा शनिवार, सुट्टी

आज 'तू' घेऊन बसलो. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला.

मराठी पत्रात 'आपण'वरून 'तू'वर येणं हेच काकांचं सगळ्यात मोठं वाक्य आहे, आणि ते कुठेही लिहिलेलं नाही. ते फक्त क्रियापदांत दिसतं: जिंकलीत, आणि मग बसलीस. इंग्रजीत दोन्हीकडे यू. ते पूर्ण पुसलं जातं.

पहिला उपाय म्हणून सुरुवातीची भाषा ताठ ठेवली आणि पुढे वाक्यं आखूड केली. वाचताना थोडा फरक जाणवतो, पण तो घडलेला वाटत नाही, दोन वेगवेगळ्या माणसांनी दोन परिच्छेद लिहिल्यासारखं वाटतं. दुसरा उपाय म्हणजे कंसात समजावून सांगणं की मराठीत इथे असा असा बदल आहे. तो लिहून लगेच खोडला. निरोपाच्या पत्रात व्याकरणाचा तास घेता येत नाही.

तिसरा उपाय बसला. संबोधन बदलायचं, आणि तो बदल काकांनी स्वतः उघड बोलून करायचा. पहिल्या भागात सगळीकडे मॅडम. मग वारीच्या परिच्छेदाआधी एकच ओळ: "फ्रॉम हिअर आय कॅनॉट गो ऑन सेइंग मॅडम." आणि पुढचं वाक्य "अक्का" या शब्दाने सुरू. मराठीत जे क्रियापदानं केलं ते इंग्रजीत एका छोट्या कृतीनं झालं. ही ओळ मूळ पत्रात नाही. तरीही ती मला मुळाशी प्रामाणिक वाटते, कारण काका त्या ठिकाणी नेमकं हेच करतात.

अक्का हा शब्द मात्र इंग्रजीत सिस्टर वगैरे अजिबात करायचा नव्हता. आपल्या सोलापूर-कोल्हापूर भागात थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात आणि तमिळमध्येही थोरली बहीण अक्काच. मॅडमच्या घरात हा शब्द रोज बोलला जातो. फ्रेमवर त्यांच्या मुलीला तो वाचता येईल, आणि कोणी काही सांगायची गरज पडणार नाही.

वारीचा परिच्छेद त्यामुळे सोपा झाला. आषाढी एकादशीनंतर बुक्का, कुंकू, चुरमुरे, तुळशीमाळा विकणारे दुकानदार सुटी नाणी पोत्यांतून भरायला आणतात. एक, दोन, पाच, दहा सगळी एकत्र. काउंटरवर जागा पुरत नाही, म्हणून आम्ही मागे फरशीवर चादर टाकून निवडत बसतो. ऑफिसरनं तिथे बसायची पद्धत नाही. मॅडम पहिल्याच वर्षी येऊन बसल्या. पांडुरंग कोण, वारी काय, हे इंग्रजीत समजावायचं का, यावर विचार केला आणि एक शब्दही घातला नाही. तंजावरात सतराव्या शतकाच्या अखेरीपासून 1855 पर्यंत भोसल्यांचं राज्य होतं आणि तिकडच्या भजनांत मराठी अभंग आजही म्हटले जातात. मॅडमच्या आई इथे आल्या होत्या तेव्हा नामदेव पायरीपाशी हात जोडून कितीतरी वेळ उभ्या होत्या. त्यांना विठोबा समजावून सांगणारे आपण कोण?

25 मे, रविवार

आजचा विषय रागावणं.

काकांच्या पत्रात अर्धं प्रेम रागावण्यातून येतं. "डबा कधी वेळेवर खाल्ला नाहीस. सांगून सांगून थकलो." हे इंग्रजीत सरळ नेलं तर "यू नेव्हर एट युअर लंच ऑन टाइम, वी गॉट टायर्ड ऑफ टेलिंग यू" असं होतं. ते वार्षिक गोपनीय अहवालातल्या शेऱ्यासारखं दिसलं. आपल्याकडे रागावण्याचा अधिकार नात्यातून येतो आणि मराठीत ते नातं 'नाहीस' या एका रूपात असतं. इंग्रजी वाक्यात ते नातं नाही, म्हणून फक्त तक्रार उरली.

उपाय असा केला की राग कोणाचा, हे वाक्यात आणलं. "युअर लंच बॉक्स वेंट होम अनओपन्ड टू मेनी टाइम्स, अक्का. काका वॉज अँग्री अबाउट इट. काका इज स्टिल अँग्री." रागावणारा माणूस समोर उभा राहिला की तो राग आईबापाचा होतो. पत्र काकांचंच असताना काका स्वतःला काका म्हणतात हे व्याकरणाला विचित्र आहे, पण ते तोंडानंही तसंच बोलतात: "काका सांगतोय ना, जेव आधी." काका हा शब्दही इंग्रजी पत्रात तसाच राहिला.

यातून एक चाळणी मिळाली आणि ती पूर्ण मजकुराला लावली. जे मराठी शब्द मॅडम स्वतः शाखेत वापरतात ते इंग्रजीत तसेच ठेवायचे, बाकी एकही नाही. अक्का, काका, चला आणि चहा राहिले. ऋणानुबंध गेला. हा शब्द न बदलता ठेवायचा मोह खूप झाला, कारण तो सुंदर आहे आणि इंग्रजीत त्याला जोड नाही. पण मॅडमनी तो कधी उच्चारलेला नाही. तो ठेवला असता तर त्यांना आपण परके आहोत हेच पुन्हा दिसलं असतं.

27 मे

"जीव लावलास गं."

तीन शब्द, आणि दोन दिवस बाकी सगळं होऊनही हे अडून बसले होते. शब्दशः काही निघत नाही. "यू लव्ह्ड अस" फार मोठं आणि उघडं होतं. शाखेत इतक्या लोकांसमोर काका असं कधी म्हणणार नाहीत. "यू केअर्ड फॉर अस" दवाखान्यातलं वाटतं. "वी बिकेम अटॅच्ड टू यू" मध्ये करणारी मॅडम राहत नाही, आम्ही होतो. मूळ वाक्यात तर सगळं त्यांच्यावर ढकललेलं आहे. हे तू केलंस, आता निस्तरायचं आम्ही. थोडा लटका आरोप आहे त्यात.

एक चमकदार वाक्यही सुचलं होतं: "यू मेड धिस ब्रँच हार्ड टू लीव्ह, अँड नाऊ यू आर द वन लीव्हिंग." काकांना अर्थ सांगितला. ते म्हणाले, "हे टाळ्यांचं वाक्य आहे. मी असं बोलत नाही." बरोबर होतं. काढलं.

शेवटी आरोप धरून ठेवला आणि वाक्य दोनात तोडलं: "वी ग्रू फाँड ऑफ यू, अक्का. दॅट वॉज युअर डुइंग." लावलास मधला 'स' दुसऱ्या वाक्यात गेला. 'गं' साठी इंग्रजीत शब्द नाही, पण 'गं' जे काम करतो, म्हणजे वाक्याच्या मध्येच माणसाकडे वळून बघणं, ते तिथे आलेल्या अक्का या हाकेनं होतं. हे लक्षात आल्यावर बाकी पत्रातही जिथे गं, हो, ना होते तिथे हाक घालून पाहिली. सगळीकडे घातली तर पत्र हाका मारत सुटतं. म्हणून परिच्छेदाला एक, त्यापेक्षा जास्त नाही.

28 मे

आशीर्वाद आणि शेवट.

मराठीत "उत्तरोत्तर प्रगती होवो, उदंड आयुष्य लाभो, सुखसमृद्धी नांदो" हे एका दमात म्हणता येतं. इंग्रजीत "मे यू" एकदा चालतं, दुसऱ्यांदा प्रार्थना होते, तिसऱ्यांदा कोणी ऐकत नाही. एकच ठेवायचं ठरलं, तेव्हा ते काका आणि मॅडम या दोघांचंच असावं असं वाटलं. स्ट्राँगरूमची कॅश जॉइंट कस्टडीत असते. एक किल्ली काकांकडे, दुसरी मॅडमकडे. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी ही दोघं त्या दारासमोर उभी राहिली आहेत. आमच्या दाराला एक खोड आहे, किल्ली फिरवताना खांद्यानं रेटावं लागतं. मॅडम किल्ली फिरवायच्या, काका खांदा लावायचे. म्हणून: "मे द स्ट्राँगरूम डोअर इन त्रिची ओपन विदाउट अ पुश. इफ इट डज नॉट, आस्क समवन ओल्डर दॅन यू." काकांनी हे दोनदा वाचायला लावलं आणि म्हणाले, "हे राहू दे."

शेवटची ओळ मराठीत अशी: "जाते म्हणू नकोस, येते म्हण." हे माहीत असूनही मी सुरुवातीला "डोन्ट से गुडबाय, से सी यू अगेन" लिहिलं होतं, आणि ते दुकानातल्या भेटकार्डावरचं वाटत होतं. शब्दशः "से आय अॅम कमिंग" केलं तर दिशाच बदलते. मॅडम त्रिचीहून निघाल्यात असं वाटतं.

सोलापूरच्या शाखेत माझा एक बॅचमेट आहे, मूळचा तिरुनेलवेलीचा. त्याला फोन करून विचारलं की तुमच्याकडे घरातून निघताना काय म्हणतात. तो म्हणाला, "पोयिट्टु वरेन." म्हणजे जाऊन येते. नुसतं जाते म्हटलं तर घरातली माणसं टोकतात. तमिळ माणसं इंग्रजीत बोलतानाही सहज "आय विल गो अँड कम" म्हणतात आणि बाकीचे ते चुकीचं इंग्रजी समजतात.

उत्तर मिळालं. शेवटची ओळ: "गो अँड कम, अक्का."

मॅनेजर साहेबांनी मसुदा पाहिला आणि याच ओळीखाली रेघ मारली. "हे ग्रामरमध्ये बसत नाही, फ्रेमवर राहणार आहे." मी त्यांना सांगितलं की ही ओळ इंग्रजीत लिहिलेली असली तरी वाचणाऱ्याच्या घरी ती तमिळ म्हणूनच ऐकू येईल. साहेबांनी पुन्हा वाचली आणि रेघ खोडली. इंग्रजी मी कोणत्याही इंग्रजी वाचकासाठी लिहीत नव्हतो, एका घरासाठी लिहीत होतो, हे इथे मला पक्कं कळलं. गुजराती किंवा बंगाली सहकाऱ्यासाठी हे करणाऱ्यानं ही ओळ उचलू नये. त्यांच्या घरी दारातून निघताना काय म्हणतात ते आधी विचारावं.

29 मे

पडताळणी. मूळ पत्र न पाहिलेल्या आमच्या नव्या क्लार्कला इंग्रजी दिलं आणि काकांसमोर तोंडी मराठीत सांगायला लावलं. नोव्हेंबरचा, वारीचा, डब्याचा भाग तिनं सांगितला तेव्हा काका मान डोलावत होते. एका ठिकाणी थांबवलं. मी "यू वेअर अॅन इन्स्पिरेशन टू ऑल ऑफ अस" असं एक वाक्य पहिल्या भागात राहू दिलं होतं. ती म्हणाली, "आपण सर्वांसाठी प्रेरणास्थान होता." काका म्हणाले, "हे कोणाबद्दल आहे?" वाक्य काढलं.

असं परत उलटं सांगवून घेणं फार उपयोगी पडलं. इंग्रजी वाचताना जे ठीक वाटतं ते मराठीत परत आलं की पोकळ आहे का भरीव, लगेच कळतं. आधी माणूस निवडताना मात्र मूळ न वाचलेलाच निवडावा, नाहीतर तो आठवणीतून भर घालतो.

30 मे

छपाई. मराठी चार मिनिटांचं पत्र इंग्रजीत दोन मिनिटांचं झालं, ए-फोरच्या एका बाजूला बसतं. डीटीपीवाल्यानं पहिला प्रूफ लग्नपत्रिकेच्या वळणदार फॉन्टमध्ये आणि प्रत्येक ओळ मध्यभागी ठेवून काढला. त्या मांडणीत "काका इज स्टिल अँग्री" कवितेसारखं दिसत होतं. साधा फॉन्ट, डावीकडून सरळ ओळी, परिच्छेद सुटे असं करून घेतलं. जाड कागद, छपाई आणि लाकडी फ्रेम मिळून साडेसहाशे रुपये, वर्गणीतून.

31 मे, शनिवार

काकांनी आधी मराठी वाचलं, मग इंग्रजीही स्वतःच वाचलं. मी वाचावं असं ठरत होतं, पण "आय कॅनॉट गो ऑन सेइंग मॅडम" हे दुसऱ्याच्या तोंडून चाललं नसतं. काल संध्याकाळी बसून त्यांनी दोन शब्दांचा सराव केला होता, अनओपन्ड आणि युअरसेल्फ.

डब्याच्या ओळीला मॅडम हसल्या आणि काकांकडे बोट दाखवलं. शेवटच्या ओळीनंतर त्या काकांना तमिळमध्येच म्हणाल्या, "पोयिट्टु वरेन." काकांनी "हां, या" म्हणून उत्तर दिलं. त्यांना कोणी अर्थ सांगितला नव्हता.

पुन्हा केलं तर एक बदल करीन. वारीचा परिच्छेद वाचताना लांब वाटला. कागदावर बरोबर आहे, पण तोंडानं वाचायला नाण्यांचे चार प्रकार सांगायची गरज नव्हती. फ्रेमसाठी आणि वाचनासाठी दोन वेगळ्या प्रती काढाव्यात, वाचनाची थोडी आखूड. मॅडमनी मराठी पत्राचीही प्रत मागून घेतली आहे. काकांचं अक्षर बारीक आहे, त्यामुळे ते स्कॅन न करता सोमवारी मोठ्या अक्षरात टाइप करून त्रिचीच्या पत्त्यावर पाठवतोय.